रुग्णालयाचा माध्यमसंपर्क: हितसंबंधींच्या नकाशापासून पहिल्या निवेदनापर्यंत

एखाद्या संस्थेच्या कामाचा ज्यांच्यावर परिणाम होतो आणि ज्यांच्या वागण्याचा त्या संस्थेवर परिणाम होतो, ती सगळी माणसे आणि गट म्हणजे त्या संस्थेचे हितसंबंधी. एडवर्ड फ्रीमन या अमेरिकी अभ्यासकाने १९८४ मधल्या पुस्तकात ही कल्पना मांडली आणि तिथून ती व्यवस्थापनात व जनसंपर्कात रुळली. जनसंपर्काच्या अभ्यासक्रमात या हितसंबंधींचा नकाशा काढणे आणि त्यावरून माध्यमसंपर्काचा आराखडा करणे असा जोडप्रकल्प विद्यार्थ्यांना करावा लागतो. त्यासाठी रुग्णालय निवडले की काम कठीण होते. कारखान्यात काही बिघडले तर व्यवस्थापन पत्रकारांना बोलावून आपली बाजू तपशिलात सांगू शकते. रुग्णालयाला ती मोकळीक नाही. ज्या माहितीने त्याची बाजू पटली असती तीच माहिती, म्हणजे रुग्णाचा आजार, तपासण्या आणि दिलेले उपचार, गोपनीय ठेवणे त्याला बंधनकारक असते. रुग्णालयाचा सगळा माध्यमसंपर्क या एका अडचणीला वळसा घालत उभा राहतो.

बहुतेक प्रकल्पवह्या वर्तमानपत्रांच्या आणि वाहिन्यांच्या यादीने उघडतात. ही सुरुवातच चुकीची आहे. रुग्णालयातली बातमी पत्रकार शोधून काढतो असे क्वचितच घडते. ती आतून, दारातून किंवा पोलीस ठाण्यातून त्याच्याकडे चालत येते. ती कोणाच्या हातून बाहेर पडते हे नकाशा सांगतो, म्हणून नकाशा आधी आणि पत्रकारांची यादी नंतर.

यादी कशी करावी

समजा, जिल्ह्याच्या ठिकाणी दीडशे खाटांचे एक धर्मादाय रुग्णालय आहे. प्रसूती, अस्थिरोग, हृदयरोग आणि अतिदक्षता असे विभाग आहेत, महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत ते समाविष्ट आहे, आणि तालुक्यांमधले डॉक्टर आपले गंभीर रुग्ण तिथे पाठवतात. असे रुग्णालय काल्पनिक असले तरी त्याच्या अडचणी महाराष्ट्रातल्या कोणत्याही जिल्ह्यात ओळखीच्या वाटतील.

यादी करताना कोणी सुटू नये म्हणून जेम्स ग्रुनिग आणि टॉड हंट यांनी सांगितलेले चार प्रकारचे दुवे उपयोगी पडतात. पहिला दुवा परवानगी आणि अधिकार देणाऱ्यांचा. यात विश्वस्त मंडळ, नर्सिंग होम कायद्याखाली नोंदणी करणारे स्थानिक अधिकारी, अग्निशमन विभाग, आरोग्य योजनेची यंत्रणा आणि धर्मादाय आयुक्तांचे कार्यालय येते. यातल्या शेवटच्या नावाला धर्मादाय रुग्णालयात विशेष वजन आहे. सार्वजनिक न्यास कायद्याच्या कलम ४१कक खालच्या योजनेनुसार अशा रुग्णालयाने दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखून ठेवायच्या असतात. दीडशे खाटांच्या हिशेबाने त्या पंधरा आणि पंधरा होतात. ‘आज किती खाटा रिकाम्या आहेत?’ हा प्रश्न आमदारांच्या कार्यालयातून, सामाजिक कार्यकर्त्यांकडून आणि पत्रकारांकडून सारखाच येतो. त्याचे त्या दिवशीचे उत्तर ज्याच्याकडे नसते, त्याला जनसंपर्क अधिकारी म्हणण्यात अर्थ नाही.

दुसरा दुवा रोजच्या कामाचा. पूर्णवेळ डॉक्टर, ठरावीक वेळी येणारे तज्ज्ञ, रात्रपाळीचे निवासी डॉक्टर, सिस्टर, वॉर्डबॉय, मावशी, कंत्राटी सुरक्षारक्षक, औषध पुरवठादार, विमा कंपन्यांच्या वतीने बिले मंजूर करणाऱ्या टीपीए संस्था, रुग्ण, नातेवाईक आणि रुग्ण पाठवणारे डॉक्टर हे सगळे यात येतात. तिसरा दुवा समव्यावसायिकांचा, म्हणजे डॉक्टरांच्या संघटनेची स्थानिक शाखा, इतर रुग्णालये, परिचारिकांची संघटना. चौथा दुवा सैल असतो. शेजारचे रहिवासी, नगरसेवक, रुग्णहक्कांसाठी काम करणारे कार्यकर्ते आणि माध्यमे यांचा रुग्णालयाशी रोजचा व्यवहार नसतो, पण प्रसंग आला की तेच पुढे येतात.

ही चौकट भरली म्हणजे यादी झाली असे नाही. ‘रुग्ण व नातेवाईक’ हा एक शब्दप्रयोग लिहून पुढे गेलेला नकाशा निरुपयोगी ठरतो, कारण त्या दोन शब्दांत परस्परांशी काहीही साम्य नसलेली माणसे कोंबलेली असतात. अतिदक्षता विभागाबाहेरच्या बाकावर रात्र काढणाऱ्या मुलाला हवी असते माहिती. मोफत खाटेसाठी उत्पन्नाचा दाखला घेऊन आलेल्या माणसाला हवा असतो निर्णय. आणि बिलिंग काउंटरसमोर उभा असलेला तिसरा माणूस संतापलेला असतो तो पैशांमुळे असेलच असे नाही. सकाळच्या राउंडला डॉक्टर ‘आज घरी जा’ म्हणतात. अकरा वाजता पिशव्या भरून तयार होतात. मग फाइल वॉर्डमधून बिलिंगला, तिथून टीपीएकडे, तिथून एखाद्या शंकेसह परत अशी फिरत राहते आणि मंजुरी यायला संध्याकाळ होते. या सहा-सात तासांत त्या कुटुंबाशी कोणीही बोललेले नसते. समाजमाध्यमांवर रुग्णालयाविरुद्ध लिहिल्या जाणाऱ्या तक्रारींत उपचारांपेक्षा हे तास जास्त असतात.

अशा गोष्टी टेबलाशी बसून कळत नाहीत. तक्रारवहीची मागील वर्षभराची पाने, आरोग्यमित्राशी गप्पा, वैद्यकीय समाजसेवकाकडचे अर्ज आणि काउंटरजवळ काढलेली एक दुपार हीच नकाशाची खरी सामग्री.

वजन ठरवणे

यादी झाल्यावर प्रत्येक गटाला दोन गुण द्यायचे असतात. एक त्याच्या प्रभावाचा, दुसरा त्याला वाटणाऱ्या स्वारस्याचा. मेंडेलो यांच्या नावाने ओळखला जाणारा हा चौकोन बहुतेक पाठ्यपुस्तकांत आहे. दोन्ही गुण जास्त असतील त्या गटाला निर्णयात सामील करून घ्यायचे. प्रभाव मोठा पण स्वारस्य थोडे असेल तर त्याला समाधानी ठेवायचे. उलट असेल तर नियमित माहिती द्यायची, आणि दोन्ही कमी असतील तिथे नुसते लक्ष ठेवायचे. पाचपैकी गुण धरले तर आपल्या उदाहरणात विश्वस्तांना दोन्हीकडे पाच मिळतील. तालुक्यातल्या डॉक्टरांचा प्रभाव पाच आणि स्वारस्य तीन. आरोग्यमित्राचा प्रभाव दोन, स्वारस्य चार. शहरातल्या गुन्हेगारी बातमीदाराचा प्रभाव चार, स्वारस्य मात्र एक, कारण एरवी त्याला रुग्णालयात काही काम नसते. सुरक्षारक्षकाला बहुतेक विद्यार्थी एक आणि एक देऊन मोकळे होतात.

हा नकाशा शांत दिवसाचा आहे, आणि इथेच थांबणारे प्रकल्प दिसायला सुबक पण कामाला कच्चे असतात. मिचेल, ॲगल आणि वुड या तिघांनी १९९७ मध्ये दाखवून दिले, की एखादा गट किती महत्त्वाचा हे तीन गोष्टींवर ठरते: त्याच्याकडे सत्ता किती, त्याची मागणी रास्त किती आणि ती किती निकडीची. यातली निकड तासातासाला बदलते. रास्त मागणी असलेला पण सत्ता नसलेला माणूस निकडीच्या क्षणी दुसऱ्याची सत्ता उसनी घेतो. नातेवाईक नगरसेवकाला फोन करतात तेव्हा नेमके हेच होत असते.

म्हणून नकाशा एक नसून किमान दोन हवेत. दुसरा नकाशा एखादी विशिष्ट घटना समोर ठेवून काढावा. समजा, सकाळी अकरा वाजता बाळंतपणानंतरच्या रक्तस्रावाने एका महिलेचा मृत्यू होतो. डॉक्टर शस्त्रक्रियागृहातून बाहेर येऊन दोन वाक्ये सांगतात आणि आत जातात. बाहेर वीस-पंचवीस माणसे जमतात, आवाज चढतो. प्रवेशद्वारावरचा रक्षक महिलेच्या भावाला ढकलतो, आणि तो क्षण कोणाच्या तरी मोबाइलमध्ये टिपला जातो. पाऊण तासात ती चित्रफीत शहरातल्या व्हॉट्सॲप गटांवर फिरते. दुपारी पोलीस येतात, कुटुंबीय ‘गुन्हा दाखल झाल्याशिवाय मृतदेह ताब्यात घेणार नाही’ अशी भूमिका घेतात, नगरसेवक मध्यस्थीला येतो, आणि एका यूट्यूब वाहिनीचा प्रतिनिधी माइक घेऊन पोर्चमध्ये उभा राहतो.

आता पुन्हा गुण दिले तर कागदाचे रूप पालटते. एक गुण मिळालेला रक्षक पाचावर जातो, कारण बातमीचे चित्र त्याने पुरवले आहे. तालुक्यातले डॉक्टर तात्पुरते मागे पडतात, पण ते चित्रफीत पाहत असतात आणि पुढचा रुग्ण कुठे पाठवायचा हे त्यावरूनही ठरवतील. आरोग्य पान सांभाळणारी पत्रकार, जिला रुग्णालय दरमहा शिबिरांची माहिती पाठवते, ती या गोष्टीत कुठेच नाही. बातमी लिहिणार आहे गुन्हेगारी बातमीदार. त्याची माहिती ठाण्यातून येते आणि त्याच्याकडे रुग्णालयातल्या कोणाचाही फोन नंबर नाही.

माध्यमसंपर्काच्या आराखड्यातले पहिले कलम इथून मिळते: गुन्हेगारी बातमीदारांशी, जिल्ह्यातल्या वार्ताहरांशी आणि पोर्टल चालवणाऱ्यांशी काहीही घडलेले नसताना ओळख करून घेणे. दुसरे कलम त्याहून अनपेक्षित आहे. कंत्राटी सुरक्षारक्षकांना संतप्त जमावाशी कसे वागायचे याचे प्रशिक्षण देणे हा माध्यमसंपर्काच्या खर्चाचा भाग ठरतो. वर्तमानपत्रांच्या यादीपासून सुरू झालेल्या आराखड्यात ते कधीच सापडले नसते.

पहिला तास

अशा प्रसंगी रुग्णालये सहसा दोन टोकांपैकी एक गाठतात. एक तर सगळे फोन बंद होतात आणि दुसऱ्या दिवशी ‘रुग्णालय प्रशासनाशी संपर्क होऊ शकला नाही’ हे वाक्य छापून येते. किंवा एखादे ज्येष्ठ डॉक्टर रागाच्या भरात कॅमेऱ्यासमोर सांगून टाकतात, की महिलेचे हिमोग्लोबिन आधीच कमी होते, नातेवाइकांनी आणायला उशीर केला आणि आमची काहीही चूक नाही. दुसरे टोक अधिक महागात पडते. त्यात रुग्णाची गोपनीय माहिती उघड झालेली असते, शोकात असलेल्या कुटुंबावर दोष टाकलेला असतो, आणि पुढे न्यायालयात किंवा ग्राहक आयोगात वापरता येईल असे एक वाक्य रेकॉर्ड झालेले असते. वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याच्या कक्षेत येते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्येच स्पष्ट केले आहे.

गोपनीयतेचे बंधन किती कडक आहे हे विद्यार्थ्यांना बहुधा ठाऊक नसते. डॉक्टरांच्या व्यावसायिक आचरणाची २००२ ची नियमावली आजही लागू आहे. २०२३ च्या ऑगस्टमध्ये नवी नियमावली आली, पण ती त्याच महिन्यात स्थगित झाली. २००२ च्या नियमांनुसार रुग्णाची माहिती उघड करता येते ती न्यायालयाच्या आदेशाने, कोणाला गंभीर धोका असेल तेव्हा आणि कळवणे सक्तीचे असलेल्या आजारांत. कुटुंबीय स्वतः माध्यमांशी बोलले म्हणून डॉक्टरांचे तोंड मोकळे होत नाही. मानसिक आजाराच्या रुग्णांबाबत २०१७ चा कायदा माध्यमांना छायाचित्र किंवा माहिती देण्यास आणखी स्पष्ट मनाई करतो.

मग सांगायचे काय? आराखड्यासोबत एक तयार निवेदन असते, ज्यात प्रसंगानुसार थोडे शब्द भरले की ते देता येते. वरच्या घटनेसाठी ते असे होईल:

“आज सकाळी आमच्या रुग्णालयात प्रसूतीनंतर एका महिलेचा मृत्यू झाला. तिच्या कुटुंबीयांच्या दुःखात आम्ही सहभागी आहोत. मृत्यूचे कारण शवविच्छेदनानंतर स्पष्ट होईल आणि तपासात आम्ही पोलिसांना पूर्ण सहकार्य करत आहोत. उपचारांच्या कागदपत्रांची प्रत कुटुंबीयांना देण्यात येईल. रुग्णाच्या आजाराची माहिती गोपनीय ठेवणे आम्हाला बंधनकारक आहे. प्रवेशद्वाराजवळ घडलेला प्रकार आम्ही पाहिला आहे; तो व्हायला नको होता आणि संबंधित रक्षकाला कामावरून बाजूला केले आहे. पुढची माहिती सायंकाळी पाच वाजता याच ठिकाणी देऊ.”

यात नाव, वय, गाव आणि निदान नाही. कागदपत्रांचे वाक्य निव्वळ सौजन्याचे नाही. रुग्ण किंवा त्याच्या अधिकृत नातेवाइकाने मागणी केल्यास ७२ तासांत कागदपत्रे देण्याचे बंधन त्याच २००२ च्या नियमावलीत आहे. ते आधीच जाहीर केल्याने ‘कागद लपवले’ हा आरोप उभा राहायच्या आत थांबतो. रक्षकाविषयीचे वाक्य लिहिताना रुग्णालयाचे वकील कुरकुर करतात, पण ढकलाढकल सगळ्या शहराने पाहिलेली आहे, तिच्याबद्दल मौन पाळले तर बाकीच्या निवेदनावर विश्वास बसत नाही. दोन गोष्टी मात्र वेगळ्या ठेवाव्या लागतात. ढकलल्याबद्दल दिलगिरी म्हणजे उपचारांतल्या चुकीची कबुली नव्हे. उपचारांत हलगर्जी झाली का, हे ठरवण्यापूर्वी तपास अधिकाऱ्याने शक्यतो सरकारी सेवेतल्या डॉक्टरचे स्वतंत्र मत घ्यावे, असे सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये सांगितले आहे. ते मत येईपर्यंत रुग्णालयानेही स्वतःला निर्दोष ठरवू नये.

शेवटच्या वाक्यातली वेळ पत्रकारांच्या सोयीने ठरवलेली आहे. जिल्ह्याची पाने शहराच्या पानांपेक्षा लवकर लागतात. संध्याकाळी पाचला दिलेली माहिती उद्याच्या अंकात येते. रात्री दहाला पाठवलेली प्रेसनोट शहराबाहेरच्या वाचकाला परवा दिसते, तीही दिसली तर. मात्र पाचला नवीन काही सांगण्यासारखे नसले तरी त्या जागी उभे राहावेच लागते.

हे निवेदन कोणी वाचायचे हेही आधी ठरलेले असावे. वैद्यकीय संचालक हा पहिला प्रवक्ता, तो नसेल तर ठरलेला दुसरा. उपचार करणाऱ्या डॉक्टरला कॅमेऱ्यासमोर आणू नये. आणि माध्यमांच्या आधी एक भेट व्हायला हवी: बंद खोलीत, बसून, कुटुंबातल्या दोन-तीन माणसांशी उपचार करणाऱ्या डॉक्टरांची. माध्यमांना जे सांगता येत नाही ते इथे सांगता येते. ही भेट झाली नसेल तर पोर्चमधले निवेदन कितीही नेटके असले तरी कुटुंबीयांना ते आपल्याविरुद्ध केलेले वाटते. रात्रपाळीचा टेलिफोन ऑपरेटर आणि स्वागतकक्ष यांच्याजवळ एकच वाक्य लिहिलेला कागद असावा: पत्रकाराचे नाव, नंबर आणि त्याची पाने लागण्याची वेळ विचारून घ्या आणि अमुक क्रमांकावर कळवा.

एरवीचे दिवस

वर्षातले बाकीचे दिवस आराखड्यात सोपे वाटतात, पण तिथेही एक कुंपण आहे. डॉक्टरांना स्वतःची जाहिरात करता येत नाही. रोग आणि उपचारांवरचे जे लेख किंवा मुलाखती जाहिरातीसारखे काम करतील तेही नियमांत बसत नाहीत. सार्वजनिक आरोग्य आणि आरोग्यदायी जीवन या विषयांवर स्वतःच्या नावाने लिहायला मात्र परवानगी आहे. ‘आमच्याकडे जिल्ह्यातली पहिली अमुक शस्त्रक्रिया यशस्वी’ ही प्रेसनोट म्हणूनच जपून लिहावी लागते, तर पावसाळ्यातला लेप्टोस्पायरोसिस किंवा गरोदरपणातला रक्तक्षय या विषयांवरचा स्तंभ निर्धास्त चालवता येतो. वरचा प्रसंग लक्षात घेता दुसरा विषय अधिक मोलाचा. बाळंतपणात धोका कुठे असतो हे वाचकाला आणि बातमीदाराला आधीच माहीत असेल, तर प्रसंगी शांतपणे ऐकणारे चार जण जास्त भेटतात.

जाहिरातीचा प्रश्न दुसऱ्या बाजूनेही येतो. छोट्या शहरांत बातमी देणारा वार्ताहर अनेकदा वर्धापनदिनाच्या पुरवणीसाठी जाहिराती गोळा करायलाही येतो. जाहिरात दिल्याने बातमी थांबेल अशी आशा धरणारे रुग्णालय फसते, आणि न दिल्याने बातमी येईल या भीतीने देणारे रुग्णालय दरवर्षी अधिक देत राहते. जाहिरातीचा निर्णय जनसंपर्क विभागाकडे ठेवूच नये, तो लेखा विभागाकडे आणि वर्षारंभी ठरलेल्या रकमेत बांधलेला असावा, हा त्यातल्या त्यात निभणारा मार्ग. तसेच अनेक खासगी रुग्णालयांत ‘पीआरओ’ या हुद्द्याचा माणूस प्रत्यक्षात तालुक्यातल्या डॉक्टरांना भेटून रुग्ण मिळवण्याचे काम करतो. ते काम आणि पत्रकारांशी बोलण्याचे काम एकाच माणसाकडे असेल तर कट प्रॅक्टिसवरच्या पहिल्याच प्रश्नाला त्याच्याकडे उत्तर उरत नाही.

आराखड्याचे मोजमाप हा प्रकल्पाचा सर्वांत दुबळा भाग असतो. कात्रणांची वही जाड झाली, तेवढ्या जागेच्या जाहिरातीचा दर लावून ‘इतक्या लाखांची प्रसिद्धी मिळाली’ असे सांगण्याची पद्धत अजून चालते. जनसंपर्क मोजणाऱ्यांच्या आंतरराष्ट्रीय बैठकीत २०१० मध्ये ठरलेल्या बार्सिलोना तत्त्वांनी ती स्पष्टपणे नाकारली. रुग्णालयाने मोजायच्या गोष्टी निराळ्या आहेत. पत्रकाराचा पहिला फोन आणि रुग्णालयाचे पहिले उत्तर यांत किती वेळ गेला. विरोधात आलेल्या बातम्यांपैकी किती बातम्यांत रुग्णालयाचे म्हणणे छापले गेले. घटनेनंतरच्या तीन महिन्यांत तालुक्यातल्या डॉक्टरांकडून येणारे रुग्ण किती कमी झाले आणि ते पुन्हा पहिल्या आकड्यावर कधी आले. शेवटचा आकडा नोंदणी काउंटरच्या संगणकात असतोच; केसपेपरवर ‘कोणी पाठवले’ हा रकाना भरलेला असला पाहिजे, इतकीच अट.

नकाशाचीही तपासणी करावी लागते. दर सहा महिन्यांनी नवी नावे भरणे पुरेसे नसते, कारण वार्ताहर बदलतात, ठाण्याचे निरीक्षक बदलतात, सुरक्षेचे कंत्राट दुसऱ्या कंपनीकडे जाते आणि प्रशिक्षण घेतलेले रक्षक त्याबरोबर निघून जातात. प्रत्येक प्रसंगानंतर आठवड्याच्या आत रुग्णालयाने घटनेच्या दिवशी दिलेले गुण आणि आधी कागदावर दिलेले गुण शेजारी ठेवून पाहावे. ज्या ओळीत तीन किंवा अधिक गुणांचा फरक पडला तिथे नकाशा चुकला होता असे समजावे आणि त्या गटासाठी आराखड्यात कोणतेही काम का लिहिलेले नव्हते ते शोधावे.